दोन फोटो, एक नळी

समजा, जिल्ह्याच्या गावातल्या एका रुग्णालयात, छातीच्या वॉर्डात, संध्याकाळच्या राउंडला दोन एक्स-रे प्रकाशपेटीवर शेजारी शेजारी लावले आहेत. आपल्याकडे एक्स-रेला ‘छातीचा फोटो’च म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू. दोन्ही फोटोंत दुखणं एकच आहे. फुप्फुसातून हवा गळून ती फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये साठली आहे आणि फुप्फुस आकसलं आहे. याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात.

पहिला फोटो 22 वर्षांच्या मुलाचा आहे. उंची सहा फूट, वजन जेमतेम 56 किलो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, दिवसाला चार-पाच सिगारेटी. दोन दिवसांपूर्वी सकाळी टेबलाशी बसलेला असताना उजव्या बाजूला एकदम कळ आली आणि थोडा दम लागला. आईने गॅस समजून ओवा दिला. कळ कमी झाली, पण पूर्ण गेली नाही, म्हणून आज फोटो काढला. आकसलेल्या फुप्फुसाच्या कडेने हवेचा 3 सेंटिमीटर रुंदीचा काळा पट्टा दिसतो आहे.

दुसरा फोटो 61 वर्षांच्या एका काकांचा. वीस वर्षांपूर्वी टीबी झाला होता, औषधांचा कोर्स पूर्ण केला, पण बिडी सुटली नाही. आज सकाळी खोकल्याची उबळ आली आणि त्यानंतर श्वास पुरेना. त्यांच्या डाव्या बाजूला पट्टा आहे तो 2 सेंटिमीटरहून जरासा जास्त, म्हणजे मुलाच्या पट्ट्याहून अरुंद.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो पाहिले, दोन्ही रुग्ण तपासले आणि नळी टाकायचं ठरवलं ते काकांना. मुलाची आई चक्रावली. “अहो डॉक्टर, माझ्या मुलाची हवा जास्त आहे म्हणता, आणि नळी त्या काकांना?” तिचा प्रश्न रास्त आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत कित्येक डॉक्टरांनीही हाच प्रश्न विचारला असता.

हवा आत शिरते म्हणजे काय

फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि छातीच्या भिंतीला आतून दुसरं. दोन्हींच्या मध्ये ओलावा राहील इतकाच द्रव असतो. काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या सरकतात, पण ओढून वेगळ्या करता येत नाहीत. तसंच हे आहे. फुप्फुस स्वभावतः रबरासारखं आकसू पाहतं, छातीचा पिंजरा बाहेर फाकू पाहतो, आणि या ओढाताणीमुळे दोन्हींमधल्या फटीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो. हा कमी दाबच फुप्फुसाला ताणून उघडं ठेवतो.

फुप्फुसाला कुठे छिद्र पडलं, की आतली हवा या फटीत ओढली जाते, कमी दाब नाहीसा होतो आणि ताणलेलं रबर सोडावं तसं फुप्फुस मधल्या मुळाकडे आकसतं. फुप्फुस फुटत नाही, सडतही नाही. ते फक्त बसतं. भोक बुजलं आणि हवा निघाली, की ते पुन्हा फुगतं.

उंच, सडपातळ तरुणांत हे भोक बहुतेकदा फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या बारीक हवेच्या फोडाला पडतं. असे फोड का येतात हे पुरतं उलगडलेलं नाही, पण सिगारेट ओढणाऱ्यांत धोका कितीतरी पटींनी वाढतो हे पक्कं आहे. हे दुखणं जड ओझं उचलताना किंवा पळताना होतं असा समज आहे, तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. अनेकांना ते या मुलासारखं निवांत बसलेलं असतानाच होतं. काकांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचं फुप्फुस टीबीच्या व्रणांनी आणि बिडीच्या धुराने आधीच झिजलेलं होतं. खोकल्याच्या जोराने त्याचा एक कमजोर भाग फाटला. अशा रुग्णात जुना टीबी पुन्हा जागा झाला आहे का हेही बघावं लागतं, म्हणून बेडका तपासायला पाठवतात.

काळ्यातली पांढरी रेघ

फोटोत हवा काळी दिसते, आणि फुप्फुसातही हवाच असते. मग फुप्फुसातली हवा कुठली आणि बाहेरची कुठली, हे कसं ओळखायचं? फुप्फुसाच्या काळेपणात रक्तवाहिन्यांच्या पांढुरक्या फांद्या असतात, मुळापासून कडेपर्यंत बारीक होत गेलेल्या. बाहेर गळलेल्या हवेत त्या नसतात. आणि दोन्हींच्या सीमेवर फुप्फुसाच्या आवरणाची केसाएवढी बारीक पांढरी रेघ दिसते. म्हणजे पुरावा दोन गोष्टींनी पूर्ण होतो: एक रेघ, आणि रेघेच्या बाहेर फांद्यांचा मागमूस नाही.

ही रेघ शोधायची वरून, कारण माणूस उभा असताना हवा वर चढते. तिथेच गळ्याचं हाड आणि वरच्या बरगड्या एकमेकांवर येतात आणि रेघ त्यांच्यात लपते. नातेवाईक फोटो मोबाइलवर टिपून ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवतात तेव्हा सगळ्यात आधी हरवते ती हीच रेघ. तेवढ्यावर ‘नॉर्मल वाटतोय’ असं उत्तर आलं, तर ते अंतिम धरू नये.

उलट, नसलेला न्यूमोथोरॅक्स दिसण्याचेही प्रकार आहेत. आडव्या पडलेल्या, कृश रुग्णाच्या पाठीखाली कातडीची घडी पडली की फोटोत तिचीही कड उमटते. पण नीट पाहिलं तर ती रेघ नसते. एका बाजूने हळूहळू पांढरं होत जाऊन एकदम संपणारी कड असते, तिच्या बाहेरही रक्तवाहिन्या दिसतात, आणि कित्येकदा ती छातीच्या पिंजऱ्याबाहेर चालत गेलेली असते.

झोपलेल्या रुग्णाचा फोटो आणखी एका कारणाने फसवा असतो. झोपल्यावर हवा टोकाकडे जात नाही, छातीच्या पुढच्या आणि खालच्या भागात पसरते. मग रेघ दिसतच नाही. एका बाजूचा बरगड्यांखालचा कोपरा नेहमीपेक्षा खोल आणि काळा दिसतो, एवढीच खूण राहते. अपघातानंतर स्ट्रेचरवर काढलेल्या फोटोत न्यूमोथोरॅक्स सुटतो तो यामुळे.

अशा वेळी सोनोग्राफीचं यंत्र कामाला येतं. छातीवर प्रोब ठेवला की दोन बरगड्यांच्या मध्ये आवरणांची चकाकती रेघ दिसते, आणि निरोगी माणसात प्रत्येक श्वासाबरोबर ती मागे-पुढे सरकते. मध्ये हवा आली की हे सरकणं थांबतं. एकाच रेषेवरची हालचाल काळाच्या ओघात नोंदवली, तर सरकणाऱ्या फुप्फुसाचं चित्र किनाऱ्यावरच्या वाळूसारखं रवाळ दिसतं, आणि हवा असली तर दुकानातल्या मालावरच्या बारकोडसारख्या सरळ समांतर रेघा उमटतात. जिथे बारकोड संपून वाळू सुरू होते ती जागा सापडली, तर निदानाबद्दल शंका उरत नाही. फुप्फुस नेमकं तिथे भिंतीला टेकलेलं असतं.

पण काकांच्या बाबतीत ही युक्ती लंगडी पडते. जुन्या टीबीत दोन्ही आवरणं जागोजाग चिकटलेली असू शकतात. चिकटलेलं फुप्फुससुद्धा सरकत नाही, आणि मग हवा नसतानाही बारकोड दिसतो.

जुना फोटो कुठे आहे?

काकांच्या फोटोत आणखी एक अडचण होती. डाव्या बाजूला वरती एक मोठा काळा गोल दिसत होता. फुप्फुस झिजलं की त्याच्या आतच हवेचे मोठे फुगे तयार होतात. एखादा फुगा अर्धी छाती व्यापतो. फोटोत तोही काळा, त्यातही रक्तवाहिन्या नाहीत. फरक कडेच्या आकारात असतो. न्यूमोथोरॅक्सची रेघ साधारणपणे छातीच्या भिंतीशी समांतर जाते, फुप्फुसाच्या बाजूने फुगीर असते. फुग्याची कड आतून वाटीसारखी खोलगट दिसते. फुगा समजून न्यूमोथोरॅक्स सोडून दिला तर रुग्ण गुदमरतो. न्यूमोथोरॅक्स समजून फुग्यातच नळी खुपसली तर आत्तापर्यंत नसलेलं भोक आपण स्वतः पाडतो, आणि ते महिनोन्‌महिने बुजत नाही.

“काका, टीबीच्या वेळचा किंवा मधला कुठला जुना फोटो आहे का?” डॉक्टरांनी विचारलं. काकांना बोलताना धाप लागत होती, म्हणून मुलगी म्हणाली, “घर बदललं तेव्हा सगळे रद्दीत गेले हो.” जुन्या फोटोत तो गोल आधीपासून दिसला असता, तर वरचा गोल म्हणजे फुगा आणि बाजूचा पट्टा म्हणजे नवी हवा, हे दोन मिनिटांत कळलं असतं. आता सीटी स्कॅन करावा लागला. ऑक्सिजन लावून, डॉक्टर सोबत ठेवून त्यांना स्कॅनला नेलं. सीटीत दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसल्या: वरती फुगा, बाजूला गळलेली हवा, आणि फुप्फुस कुठे भिंतीला चिकटलेलं आहे ती जागा. नळी कुठे टाकायची आणि कुठे मुळीच टाकायची नाही, हे त्यावरून ठरलं.

प्रत्येक न्यूमोथोरॅक्सला सीटी लागत नाही. मुलाला तो केला नाही, कारण साध्या फोटोतच चित्र स्वच्छ होतं.

पट्टा मोजून काय कळतं

पट्ट्याच्या रुंदीवरून हवा किती साठली याचा अंदाज बांधता येतो, पण तो डोळ्यांना फसवतो. फुप्फुस नुसतं रुंदीने आकसत नाही, उंचीने आणि खोलीनेही आकसतं. मुलाच्या छातीच्या एका बाजूची आडवी रुंदी 10 सेंटिमीटर धरू. पट्टा 3 सेंटिमीटरचा, म्हणजे फुप्फुस उरलं 7 सेंटिमीटर. आकारमान घनाने बदलतं. 7 चा घन 343 आणि 10 चा घन 1000. म्हणजे फुप्फुस उरलं साधारण एक तृतीयांश, आणि दोन तृतीयांश जागा हवेने घेतली. याच हिशेबाने 8 चा घन 512 होतो. 2 सेंटिमीटरचा पट्टा म्हणजे जवळपास निम्मी जागा. फोटोत कडेला बोटभर दिसणारी काळी पट्टी प्रत्यक्षात एवढी मोठी असते.

म्हणूनच ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने 2010 च्या मार्गदर्शनात फुप्फुसाच्या मुळाच्या पातळीवर 2 सेंटिमीटर ही ‘मोठ्या’ न्यूमोथोरॅक्सची रेघ आखली होती. अमेरिकी डॉक्टर मात्र टोकापासून मोजत आणि 3 सेंटिमीटरला मोठा म्हणत. त्यामुळे एकच फोटो एका देशात मोठा आणि दुसऱ्या देशात लहान ठरू शकत होता. शिवाय फुप्फुस सगळीकडून सारखं आकसतंच असं नाही, तेव्हा घनाचा हिशेबही ढोबळच. पण मोठा म्हटला की सुई किंवा नळी, हा रिवाज दोन्हीकडे होता.

जानेवारी 2020 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला आणि या रिवाजाला धक्का बसला. त्यात 316 रुग्ण होते. सगळे 14 ते 50 वयाचे, ज्यांना आधीचा फुप्फुसाचा आजार नाही आणि पहिल्यांदाच मध्यम ते मोठा न्यूमोथोरॅक्स झाला आहे असे. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला लगेच नळी, दुसऱ्याला काहीच न करता लक्ष ठेवणं. लक्ष ठेवलेल्या गटात 162 जण होते. त्यांतल्या फक्त 25 जणांना पुढे नळी किंवा सुई लागली. आठ आठवड्यांनी या गटातल्या 94 टक्के रुग्णांचं फुप्फुस पूर्ण फुगलेलं होतं, नळीच्या गटात 98 टक्क्यांहून थोडं अधिक. काही रुग्ण आठव्या आठवड्याच्या फोटोला वेळेवर आले नाहीत, म्हणून या आकड्यांत थोडी ढिलाई आहे, हे संशोधकांनीच मान्य केलं. पण एक गोष्ट अनपेक्षित निघाली: वर्षभरात पुन्हा न्यूमोथोरॅक्स होण्याचं प्रमाण नळी न टाकलेल्यांत सुमारे 9 टक्के आणि टाकलेल्यांत सुमारे 17 टक्के होतं. कदाचित हळूहळू फुगणाऱ्या फुप्फुसातलं भोक नीट भरून येत असावं.

2023 मध्ये ब्रिटिश सोसायटीने मार्गदर्शन बदललं. आता पहिला प्रश्न ‘पट्टा केवढा?’ हा नाही. ‘माणसाला त्रास किती, आणि तो धोक्याच्या गटात आहे का?’ हा आहे. रक्तदाब घसरणं, रक्तातला ऑक्सिजन बराच कमी होणं, दोन्ही बाजूंना न्यूमोथोरॅक्स, आधीचा फुप्फुसाचा आजार, पन्नाशी ओलांडलेली आणि बरीच वर्षं धूम्रपान, हवेबरोबर रक्तही साठणं, यांतलं एकही असेल तर नळीकडे वळायचं. पट्ट्याची रुंदी त्यानंतर विचारतात, तीही नळी सुरक्षितपणे टाकण्याएवढी जागा आहे का हे बघायला.

आता दोन्ही रुग्णांकडे पुन्हा पाहू. मुलाचं सॅच्युरेशन 97, नाडी 84, रक्तदाब व्यवस्थित. वॉर्डातून चालत फेरी मारून आला तरी दम नाही. त्याचं दुसरं फुप्फुस निरोगी आहे आणि ते काम भागवतंय. काकांचं सॅच्युरेशन 86, मिनिटाला 32 श्वास. त्यांची दोन्ही फुप्फुसं मिळूनही आधीच कशीबशी पुरत होती. त्यातला थोडा भाग बसला आणि हिशेब कोलमडला. बँकेत लाख रुपये असलेल्याचे साठ हजार गेले आणि पाच हजार असलेल्याचे तीन हजार गेले, तर आधी मदत कुणाला लागेल?

मुलाला काय केलं

काहीच केलं नाही असं नाही. त्याला चार तास थांबवून पुन्हा फोटो काढला. हवा वाढलेली नव्हती, चालताना सॅच्युरेशन उतरत नव्हतं. दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या देऊन त्याला घरी पाठवलं, तिसऱ्या दिवशी तपासायला बोलावलं आणि त्यानंतर ठरावीक अंतराने फोटो. छातीतली हवा रक्तात हळूहळू शोषली जाते. दिवसाला त्या बाजूच्या आकारमानाच्या साधारण सव्वा ते दोन टक्के, म्हणजे त्याची हवा जिरायला महिना ते पावणेदोन महिने लागणार. अशा रुग्णाचं घर रुग्णालयापासून फार लांब असेल, रात्री गाडी मिळत नसेल किंवा सोबत कुणी नसेल, तर घरी पाठवण्याऐवजी दाखल करून ठेवणं बरं.

त्याला दम लागत असता, पण बाकी सारं ठीक असतं, तर मधला मार्ग होता. बारीक नळी किंवा सुई आत घालून सिरिंजने हवा ओढून काढायची. अडीच लिटर हवा ओढूनही ती संपत नसेल, तर भोक अजून उघडं आहे असं समजून थांबायचं आणि नळी टाकायची.

काकांची नळी आणि पाण्याची बाटली

रुग्णालयात या नळीला ‘आयसीडी’ म्हणतात. ती टाकायची जागा ठरलेली आहे. हात डोक्यामागे घेतला की काखेखाली एक त्रिकोण तयार होतो: पुढे छातीचा स्नायू, मागे पाठीचा स्नायू, खाली साधारण स्तनाग्राच्या पातळीची रेषा. या त्रिकोणात स्नायू पातळ असतात, आणि हृदय, यकृत, प्लीहा वाटेत येत नाहीत. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जातो, म्हणून नळी नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून आत घालतात. आधी इंजेक्शनने ती जागा बधिर करतात. तरी दाब जाणवतो, आणि फुप्फुस फुगताना एक-दोन दिवस खांद्यापर्यंत दुखतं. हे अपेक्षित आहे, त्यासाठी दुखण्याचं औषध मागायला संकोच करू नये.

नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात 2 सेंटिमीटर बुडवलेलं असतं. ही सगळी रचना म्हणजे एकतर्फी झडप. श्वास सोडताना किंवा खोकताना हवा पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडते. श्वास घेताना पाणी नळीत थोडं वर चढतं, पण बाहेरची हवा आत जाऊ शकत नाही. बाटली छातीच्या पातळीखालीच ठेवायची. वर उचलली तर तेच पाणी छातीत जाईल.

बाटलीकडे पाहून बरंच कळतं, आणि ते नातेवाइकांनाही कळू शकतं. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वर-खाली होतंय म्हणजे नळी उघडी आहे. ते थांबलं, तर फुप्फुस पूर्ण फुगलं असेल किंवा नळी कुठे मुडपली, अंगाखाली दबली किंवा तुंबली असेल. बुडबुडे येत आहेत म्हणजे भोक अजून गळतंय. आणि इथेच सगळ्यात मोठी चूक होते. रुग्णाला तपासणीला नेताना ‘बाटली सांडेल’ म्हणून नळीला चिमटा लावला जातो. बुडबुडे येणारी नळी बंद करणं म्हणजे हवेचा बाहेरचा रस्ता बंद करून आतला चालू ठेवणं. बुडबुड्यांच्या नळीला चिमटा कधीच लावायचा नाही.

नळीभोवती किंवा मानेवर दाबल्यावर कातडीखाली वाळू चुरचुरल्यासारखं लागलं, तर हवा कातडीखाली शिरतेय. ते पसरत असेल तर लगेच सिस्टरांना सांगावं. बरेच दिवस बसून राहिलेलं फुप्फुस झपाट्याने फुगवलं तर त्यात पाणी साठू शकतं, म्हणून पहिल्याच तासात यंत्राने जोरात हवा ओढत नाहीत. नळी लावल्यावर खोकला एकदम वाढला आणि धाप वाढली, तर हीच शंका घ्यायची.

काकांचे बुडबुडे तिसऱ्या दिवशी विरळ झाले, पण थांबले नाहीत. झिजलेल्या फुप्फुसातलं भोक लवकर मिटत नाही. पाचव्या दिवशीही गळती चालू राहिली, तेव्हा छातीच्या शल्यचिकित्सकांचा सल्ला घेतला. असं झाल्यास दुर्बिणीने फाटलेला भाग शिवतात किंवा कापतात. ऑपरेशन झेपणार नसेल तर नळीतून औषध सोडून दोन्ही आवरणं एकमेकांना चिकटवतात, म्हणजे मध्ये हवेला जागाच उरत नाही. काकांची गळती आठव्या दिवशी आपोआप थांबली. फोटोत फुप्फुस फुगलेलं दिसलं, मग नळी काढली.

जिथे फोटोची वाट बघायची नाही

एका प्रकारात हा सगळा विचार करायला वेळच नसतो. भोकाची कातडी झडपेसारखी वागली, तर हवा आत जाते पण बाहेर येत नाही. दर श्वासाला दाब वाढतो, हृदय आणि श्वासनळी पलीकडे ढकलली जातात, हृदयाकडे येणारं रक्त अडतं. रुग्ण कासावीस होतो, घाम सुटतो, ओठ निळसर होतात, मानेच्या शिरा फुगू शकतात आणि रक्तदाब कोसळतो. फोटोत हे ठसठशीत दिसतं, पण वैद्यकात म्हणतात की हा फोटो काढलेलाच नसावा. छातीत जाड सुई घालून हवा आधी सोडायची, मग नळी, मग फोटो. मोटरसायकलचा अपघात, बरगड्या मोडलेला रुग्ण आणि व्हेंटिलेटरवर असलेला रुग्ण, यांच्यात हे जास्त घडतं. व्हेंटिलेटर दाबाने हवा आत ढकलतो, म्हणून तिथे नळी टाकायला डॉक्टर फार थांबत नाहीत.

घरी लक्ष ठेवायला पाठवलेल्या रुग्णानेही हे ध्यानात ठेवायचं. दम वाढला, बोलताना वाक्य तुटू लागलं, घेरी आली, तर दुसऱ्या दिवशीच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात जायचं.

घरी गेल्यावर

पहिल्या वेळेनंतर साधारण तीनातल्या एकाला हे दुखणं पुन्हा होतं, बहुतेकदा पहिल्या वर्षा-दोन वर्षांत. सिगारेट सोडल्याने हा धोका खरोखर कमी होतो. विमानात वर गेल्यावर केबिनमधला दाब उतरतो आणि छातीत अडकलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने फुगू शकते, म्हणून फोटोत हवा पूर्ण गेल्याचं दिसल्यावरही आठवडाभर थांबून मगच विमान. आणि तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा बेत असेल तर तो कायमचा रद्द. पाण्याखाली पुन्हा भोक पडलं, तर वर येताना तीच हवा पसरत जाते. दोन्ही बाजूंचं पक्कं ऑपरेशन झालेल्यांनाच तज्ज्ञ कधीकधी यातून सूट देतात.

मुलाचा सातव्या आठवड्यातला फोटो स्वच्छ आला. त्याची आई तो घेऊन निघाली तेव्हा डॉक्टरांनी एवढंच सांगितलं: हा फोटो आणि पहिला फोटो, दोन्ही जपून ठेवा, आणि छातीत पुन्हा कधीही दुखलं तर सोबत घेऊन या. आपल्याही घरात कुणाला टीबी, दमा किंवा न्यूमोथोरॅक्स होऊन गेला असेल, तर जुने फोटो आणि डिस्चार्ज कार्ड रद्दीत देऊ नका. नळी टाकायची की नाही, हे ठरवताना नव्या फोटोशेजारी लावायला ते लागतात.